युनिटीचा स्प्राइट ॲटलास आणि ASTC: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचा खेळ लहान आहे. तो आम्ही दोघे मिळून युनिटी या गेम इंजिनमध्ये करतो आणि त्यात जंगल, गुहा व किल्ला असे तीन भाग आहेत. दोन जीबी रॅमच्या फोनवर किल्ल्याचा भाग उघडताच खेळ बंद पडू लागला, तेव्हा मी प्रथमच चित्रांच्या मेमरीकडे नीट पाहिले. सगळ्या पीएनजी फायली मिळून चाळीस एमबीसुद्धा भरत नव्हत्या, त्यामुळे दोष चित्रांचा नसावा असे मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पीएनजीचा आकार केवळ साठवणुकीपुरता असतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते. मेमरीत आल्यावर चित्र पूर्ण उलगडते आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणून 2048×2048 चे चित्र कोरे असो वा भरगच्च, ते 16 एमबीच घेते.

सर्वांत मोठा खर्च नायकाच्या चालण्याचा निघाला. त्याच्या 24 फ्रेम होत्या आणि प्रत्येक फ्रेम 512×512 ची, म्हणजे एकेक एमबीची होती. प्रत्यक्षात नायकाची आकृती साधारण 200×380 पिक्सेलमध्ये मावत होती. बाकीची जागा पारदर्शक हवा होती आणि तिचेही पैसे आम्ही मोजत होतो. `Mesh Type` हा पर्याय `Full Rect` वरून `Tight` वर आणल्यावर ही रिकामी जागा ॲटलासमध्ये, म्हणजे अनेक चित्रे एकत्र मांडलेल्या मोठ्या पानांच्या संचात, येणे थांबले, चोवीसही फ्रेम 2048 च्या एकाच पानावर निम्म्या जागेत बसल्या आणि उरलेल्या जागेत जंगलातले शत्रू गेले.

त्यानंतर कॉम्प्रेशन. ASTC या चित्रे दाबण्याच्या पद्धतीत प्रत्येक ब्लॉक 16 बाइटचाच असतो. तो किती पिक्सेल व्यापेल एवढेच आपण ठरवतो. 4x4 निवडल्यास वरचे 16 एमबीचे पान 4 एमबीचे होते, 6x6 वर ते पावणेदोन एमबीच्या आसपास येते आणि 8x8 वर 1 एमबी. शिवाय फोनचा ग्राफिक्स चिप ते दाबलेल्या स्वरूपातच वाचतो, त्यामुळे ही बचत खेळ चालू असतानाही टिकते. मी सरसकट 8x8 लावून पाहिले. झाडे, दगड, माती यांत काही कळले नाही, पण नायकाच्या डोळ्यांभोवतीची बारीक काळी रेघ चौकोनाचौकोनांत फुटली आणि तो रात्रभर जागल्यासारखा दिसू लागला. आता पात्रांना 4x4, पार्श्वभूमीला 8x8 आणि इतरांना 6x6 अशी वाटणी आहे.

इतके करूनही मुख्य मेनूत मेमरी अपेक्षेपेक्षा बरीच जास्त दिसत होती. मेमरी प्रोफायलरमध्ये टेक्स्चरची यादी आकाराने लावली, तर `sactx` ने सुरू होणारी, म्हणजे ॲटलासची पाने वर आली आणि त्यांत जंगलाची तिन्ही पाने होती. मेनूत जंगल कुठेच नाही. शोधता शोधता कळले की कोपऱ्यातले सोन्याचे नाणे जंगलाच्या ॲटलासमध्ये होते. दृश्यातल्या एका स्प्राइटसाठी, म्हणजे एका सुट्या चित्रासाठी, युनिटी त्याचा पूर्ण ॲटलास, सगळ्या पानांसह, मेमरीत आणते. किल्ल्यातही तेच नाणे असल्यामुळे तिथे किल्ल्याबरोबर जंगलही उघडले जात होते आणि खेळ बंद पडण्याचे मूळ तिथेच होते. नाणे, हृदय, किल्ली अशा सर्वत्र लागणाऱ्या वस्तूंचा 512×512 चा वेगळा ॲटलास केला आणि तो फोन शांत झाला. विषयानुसार ॲटलास लावण्याचा मोह सोडून जी चित्रे पडद्यावर एकत्र येतात तीच एकत्र ठेवावीत, असे माझे आता ठाम मत आहे. फॉरमॅट ही त्यानंतरची गोष्ट.

तक्रारीही आहेत. `Tight Packing` चालू ठेवले की चित्रे एकमेकांच्या खाचांत बसतात, पण यूआयचा `Image` पूर्ण आयत रंगवतो, त्यामुळे आमच्या «पुन्हा खेळा» बटणाच्या कोपऱ्यात एका अळंबीची टोपी उगवली. `Allow Rotation` मुळे काही आयकॉन आडवे झाले. यूआयच्या ॲटलासवर हे दोन्ही पर्याय बंद ठेवण्याला मला तरी पर्याय सापडला नाही. त्याहून कपटी प्रकार जुन्या टॅबलेटवर घडला: त्याला ASTC कळत नसल्याने युनिटीने चित्रे न कुरकुरता पूर्ण उलगडली आणि सगळी बचत तिथे शून्य झाली. चित्र बरोबर दिसते, म्हणून ही चूक डोळ्यांना कळत नाही. ती प्रोफायलरमध्येच दिसते. अशा उपकरणांसाठी ETC2 या दुसऱ्या कॉम्प्रेशन पद्धतीची वेगळी बांधणी ठेवली आहे.

किल्ल्यामागचे संध्याकाळचे आकाश मात्र 4x4 वरही पट्टे दाखवत राहिले. शेवटी ते ॲटलासमधून काढले. रंग फक्त वरून खाली बदलत असल्याने 4×1024 ची एक अरुंद पट्टी कॉम्प्रेशनशिवाय ठेवली आणि ती रुंदीत ताणली. तिला 16 केबी लागतात.