डावीकडे झुकणारं रेड-ब्लॅक ट्री: काही महिने वापरल्यानंतर

आमचं काम तुर्भ्याच्या बाजूला, वजनकाट्यांच्या सॉफ्टवेअरचं. गाडी काट्यावर चढली की वेळ, वजन आणि पावती क्रमांक अशी एक नोंद तयार होते. दिवसभर प्रश्न एकच येतो: अमुक वेळेच्या लगेच आधी काट्यावर कोण होतं? रिकाम्या आणि भरल्या गाडीच्या वजनावरून वाद झाला की हे हमखास विचारतात. कोड गो भाषेत आहे. गोचा मॅप झटपट उत्तर देतो, पण तो क्रम ठेवत नाही, आणि क्रमाने लावलेला ट्री-मॅप स्टँडर्ड लायब्ररीत नाही. मग ट्री आपलाच लिहायचा.

साधा बायनरी सर्च ट्री इथे चालत नाही. नोंदी येतातच वेळेच्या क्रमाने, त्यामुळे प्रत्येक नवीन नोड आधीच्या उजवीकडे लटकतो आणि ट्रीऐवजी लांबलचक साखळी हातात राहते. पुस्तकी रेड-ब्लॅक ट्री हा नेहमीचा उपाय, पण त्याचं इन्सर्शन लिहायला बसलं की वैताग येतो. नवीन नोडचा 'काका' लाल की काळा, नोड बापाच्या डावीकडे की उजवीकडे, आणि मग हे सगळं पुन्हा आरशातल्यासारखं उलट. शिवाय प्रत्येक नोडमध्ये बापाचा पॉइंटर सांभाळायचा आणि तो फिरवाफिरवीत चुकवायचा नाही.

रॉबर्ट सेजविक यांनी 2008 मध्ये यावर सोपा तोडगा मांडला. गंमत म्हणजे रेड-ब्लॅक ट्रीला 1978 मध्ये रूप देणाऱ्या दोघांपैकी ते एक, दुसरे लिओ गिबास. या ट्रीच्या आत खरं तर 2-3 ट्री, म्हणजे नोडमध्ये एक किंवा दोन किल्ल्या ठेवणारा ट्री, दडलेला असतो: दोन किल्ल्यांचा नोड आपण काळ्या नोडला लाल मूल जोडून दाखवतो. हे लाल मूल डावीकडे ठेवायचं की उजवीकडे, हा पर्याय खुला ठेवला की प्रकरणं दुप्पट होतात. सेजविक म्हणाले, लाल नेहमी डावीकडेच. त्या एका बंधनाने आरशातली सगळी प्रकरणं गळून पडतात. रिकर्सिव्ह put नेहमीसारखं खाली उतरतं, नवीन लाल नोड लावतं आणि वर परतताना प्रत्येक नोडवर एवढंच तपासतं:

```go
if isRed(h.right) && !isRed(h.left) {
	h = rotateLeft(h)
}
if isRed(h.left) && isRed(h.left.left) {
	h = rotateRight(h)
}
if isRed(h.left) && isRed(h.right) {
	flip(h)
}
return h
```

`isRed(nil)` म्हणजे `false`. सगळं झाल्यावर मूळ नोड काळा करायचा. काका नाही, बापाचा पॉइंटर नाही. परतीची वाट रिकर्शनलाच ठाऊक असते.

हे खरंच पुरतं का, याची खात्री कागदावर करून घ्यावी. सकाळच्या पावत्या घ्या: 605, 611, 618, 624, 630, म्हणजे सहा वाजून पाच मिनिटं वगैरे. (खऱ्या किल्लीत वेळेला पावती क्रमांकही जोडलेला आहे, नाहीतर एकाच मिनिटातल्या दोन गाड्या एकमेकींवर बसतील.) 605 मूळ. 611 उजवीकडे लाल आला, म्हणून डावं रोटेशन: 611 वर, 605 लाल होऊन त्याच्या डावीकडे. 618 आल्यावर दोन्ही बाजू लाल, म्हणून flip: दोन्ही मुलं काळी, 611 लाल झाला आणि मूळ म्हणून परत काळा. 624 आला की 618 पाशी डावं रोटेशन. 630 आला की 624 पाशी flip होऊन 624 लाल होतो, आणि एक पायरी वर 611 ला दिसतं की उजवीकडे लाल आहे, डावीकडे नाही. पुन्हा डावं रोटेशन. आता मुळाशी 624, डावीकडे लाल 611 आणि त्याखाली 605 व 618, उजवीकडे काळा 630.

खरी मजा उशिरा आलेल्या नोंदींची. पावसात रेंज गेली की हातातल्या यंत्रावरच्या पावत्या मागाहून येतात. 615 आला, 618 च्या डावीकडे लाल बसला, काहीच करावं लागलं नाही. मग 613 आला, 615 च्या डावीकडे. आता परतीची वाट बघा. 618 पाशी सलग दोन डावे लाल, म्हणून उजवं रोटेशन. 615 वर आला, दोन्ही मुलं लाल, लगेच flip. 611 पाशी आता उजवीकडे लाल 615, म्हणून डावं रोटेशन: 615 ने 611 ची जागा आणि त्याचा लाल रंग घेतला. मुळाशी 624 च्या डावीकडे 615 आणि 611 सलग लाल, पुन्हा उजवं रोटेशन, पुन्हा flip. शेवटी मुळाशी 615, खाली 611 आणि 624, त्यांच्याखाली 605, 613, 618, 630. सातही काळे, एकदम भरलेला ट्री. एका नोंदीने तिन्ही ओळी कामाला लावल्या, आणि तरीही चौथ्या ओळीची गरज पडली नाही.

पहिल्या अटीतला `!isRed(h.left)` काढला तर? ट्री बिघडत नाही. दोन्ही मुलं लाल असताना आधी डावं रोटेशन होतं, दुसरी अट ते उलट फिरवून जागेवर आणते, मग flip होतो. दोन रोटेशन्स फुकट, इतकंच.

पण रोटेशनमधला रंगांचा क्रम असा माफ करत नाही:

```go
x := h.right
h.right = x.left
x.left = h
x.red = h.red
h.red = true
return x
```

शेवटच्या दोन रंग-ओळींची अदलाबदल केली की वर आलेला `x` कायम लाल राहतो. आणि हे लवकर कळत नाही, कारण किल्ल्यांचा क्रम शाबूत असतो, शोधलेली पावती बरोबर सापडते आणि साधी टेस्ट हिरवी येते. म्हणून एक तपासणी फंक्शन लिहिलंच पाहिजे: उजवीकडे लाल नाही, सलग दोन लाल नाहीत, आणि मुळापासून प्रत्येक nil पर्यंत काळ्यांची संख्या सारखी. आमच्याकडे टेस्टमध्ये प्रत्येक put नंतर ते चालतं. नव्या पोराने कोडला हात लावला की आधी तेच ओरडतं.

वेगाबाबत फार अपेक्षा ठेवू नका. पुस्तकी पद्धतीत एका इन्सर्शनला फार तर दोन रोटेशन्स लागतात. इथे वरच्या 613 लाच तीन लागली, आणि मोठ्या ट्रीत ती आणखी वाढू शकतात. शिवाय वाटेतल्या प्रत्येक नोडवर तीन अटी तपासल्या जातातच. उंचीची हमी मात्र पक्की: हजार नोंदींत वाईटात वाईट वीसेक पायऱ्या. काट्यावर मिनिटाला एखाद-दुसरी गाडी येते, तिथे हा फरक कुणाला जाणवणार? लाखो नोंदी सतत आत-बाहेर होत असतील तर मी हे घेणार नाही.

माझी खरी तक्रार डिलीटबद्दल आहे. इन्सर्शनच्या सुटसुटीतपणावर भाळून कुणी हे निवडलं की डिलीटपाशी अडकतो. खाली उतरताना पुढचा नोड किंवा त्याचं डावं मूल लाल राहील अशी सोय आधीच करत जायची, त्यासाठी `moveRedLeft` आणि `moveRedRight` ही दोन वेगळी फंक्शन्स, मधला नोड काढायचा तर त्याच्या जागी उजव्या उपट्रीतली सर्वांत छोटी किल्ली आणायची, आणि परतताना पुन्हा त्याच तीन अटी. हा कोड put पेक्षा लांबच नाही, डोक्यात बसायलाही जड आहे.

आम्ही तो लिहिलाच नाही. रद्द पावतीच्या नोडवर एक खूण करतो, शोधताना ती वगळतो, आणि दिवस संपला की आख्खा ट्री टाकून नवा सुरू करतो. काट्याचा हिशोब रोजच्या रोज बंद होतो म्हणून हे जमतं. तुमच्या नोंदी महिनोन्‌महिने त्याच ट्रीत राहणार असतील आणि मधल्यामधल्या काढायच्या असतील, तर आधी डिलीटचा कोड वाचा आणि मग ठरवा.