गंजलेल्या जीआय लाइनच्या जागी कोणता पाइप? समितीला पत्र

मा. चेअरमन, सेक्रेटरी आणि समिती सदस्य यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या विंगमधली स्वयंपाकघराची डाउनटेक लाइन दुसऱ्या मजल्यावर फुटली. प्लंबरने कापलेला वीतभर तुकडा मी ठेवून घेतला आहे, सभेला घेऊन येईन. १ इंची पाइप आहे, पण आत क्षार आणि गंज इतका साचलाय की मधे जेमतेम करंगळी जाते. मूळ २७ मिलिमीटरचं भोक १५ वर आलंय, म्हणजे पाण्याला तिसरा हिस्साही जागा उरलेली नाही. चौथ्या मजल्यावर आधीच प्रेशर कमी, त्यात बादली भरायला इतका वेळ का लागतो ते यातून कळावं.

पाइप फुटला तो सॉकेटपाशी, आट्यांवर. आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि लोखंडही तिथे पातळ होतं, त्यामुळे गंज तिथूनच धरतो. आपण दरवेळी तेवढा तुकडा बदलतो. पण नव्या पाइपचं जस्त जुन्या गंजक्या लाइनला वाचवण्यात खर्ची पडतं आणि नवा तुकडाच आधी जातो. म्हणून माझी विनंती ठिगळाची नाही, गच्चीपासून खालपर्यंत सगळ्या डाउनटेक एकदाच बदलण्याची आहे.

पुन्हा जीआय घालावा असं काही सदस्यांचं मत आहे. त्यांचं एक म्हणणं खरं आहे: वडोदऱ्याचं ऊन जीआयचं काही बिघडवत नाही आणि धक्का बसला तरी तो टिकतो. पण पाणी तेच राहणार, उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी मिसळणार आणि आटेही तिथेच असणार.

पीपीआरचे जोड मशिनने वितळवून करतात, त्यामुळे ते पक्के होतात. अडचण प्रसरणाची आहे. आपली १४ मीटरची सरळ लाइन हिवाळ्यातली पहाट ते पश्चिमेच्या भिंतीवरचं मे महिन्यातलं ऊन अशा ४० अंशांच्या फरकात साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास लांबते. शिवाय रात्री गळती झाली तर मशिन असलेला माणूसच शोधावा लागतो.

खरी निवड यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी यांत आहे. यूपीव्हीसी स्वस्त. गच्चीवरच्या टाकीचं दडपण तळाशीही दीड किलोच्या आसपास असतं, तेवढं तो आरामात सोसतो. पण तो थंड पाण्याचा पाइप आहे, ४५ अंशांपुढे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. टाकी रिकामी झाली आणि एखाद्या घरातल्या गिझरचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह खराब असला, तर गरम पाणी उलटं लाइनमध्ये उतरतं. सोळा घरांचे वॉल्व्ह कोण तपासत बसणार? सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतो, म्हणून थोडे पैसे जास्त पडले तरी माझं मत त्यालाच आहे.

मात्र सीपीव्हीसी लावताना चार गोष्टी सांभाळल्या नाहीत तर तोही त्रास देईल. त्याचं माप बाहेरून धरतात, त्यामुळे १ इंची सीपीव्हीसीचं भोक सव्वातेवीस-साडेतेवीस मिलिमीटरच भरतं, नव्या जीआयपेक्षा कमी. आपल्याला सव्वा इंची घ्यावा लागेल. आलेल्या दोन्ही कोटेशनांत १ इंची लिहिलंय, ते बदलून घ्या. जाडीही लिहून घ्या, कारण स्वस्त कोटेशन बहुतेक एसडीआर १३.५ च्या पातळ पाइपचं असतं. उघड्या भिंतीसाठी एसडीआर ११ मागा. उन्हाने सीपीव्हीसी पांढुरका आणि ठिसूळ होतो, म्हणून वर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग हवा. ऑइल पेंट नको, त्यातल्या द्रावकाने पाइपला चिरा जाऊ शकतात. आणि हाही साडेतीन सेंटिमीटर लांबतो, तेव्हा क्लॅम्प घट्ट आवळू नयेत आणि मधे एक वळसा ठेवावा. सोल्युशनचे जोड वाळायला पूर्ण दिवस द्यावा. एक विंग एका दिवशी बंद ठेवली तर टँकरवर भागेल.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. आपल्या जुन्या बांधकामात काही घरांचं अर्थिंग पाण्याच्या पाइपला जोडलेलं आहे. तळमजल्यावर मीटरच्या पेटीमागे जीआयला क्लॅम्पने बांधलेली तार मी स्वतः पाहिली आहे. प्लास्टिकचा पाइप लागला की ते अर्थिंग तुटेल, घरात कोणाला पत्ताही लागणार नाही, आणि गिझरला करंट उतरला तर माणूस जाईल. पहिला पाइप कापायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून सोळाही घरं तपासून घ्या आणि जिथे गरज असेल तिथे वेगळा अर्थिंगचा खड्डा करा. तो खर्च याच कामाच्या अंदाजात धरावा, ही विनंती.

आपला,
एक सभासद, चौथा मजला