मळमळ होणाऱ्यांसाठी: पंखाजवळची खिडकी की शेपटाकडची आइल सीट?

विमान डोलतं ते साधारण पंखांच्या आसपास असलेल्या गुरुत्वमध्याभोवती. त्यामुळे पंखाजवळच्या रांगेत वर-खाली हिसके कमी बसतात, तर शेपटाकडे तोच धक्का मोठा होऊन येतो. सीट मॅपवर पंख दाखवलेले असतात. त्यांच्या मधली रांग घ्या.

खिडकीचा फायदा वेगळा आहे. आतल्या कानाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, आणि या विसंगतीतूनच मळमळ सुरू होते. क्षितिजावर नजर ठेवली की दोन्ही जुळतात. रात्री किंवा ढगांत क्षितिज दिसत नाही. तेव्हा डोळे मिटा, डोकं हेडरेस्टला घट्ट टेकवा. मोबाइल मात्र बंदच.

आइल सीटवरून टॉयलेट गाठणं सोपं, पण हादरे बसताना सीटबेल्ट सोडून उठता येतंच असं नाही. म्हणून आमची पसंती खिडकीलाच, पिशवी हाताशी ठेवून.

रिकाम्या पोटीही मळमळतं, तेव्हा एक-दोन तास आधी थोडं, कमी तेलकट खा. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती बहुधा निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यायची असते; उलटी सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे उतरल्यावर लगेच गाडी चालवू नका.