चेंज ऑर्डर लगेच मागावी की साठवून?

क्लायंटने ठरल्यापेक्षा जास्तीचं काम सांगितलं की दोन वाटा असतात. प्रत्येक मागणीची चेंज ऑर्डर, म्हणजे त्या बदलाला मंजुरी मागणारं पत्र, तिथल्या तिथे काढायची, किंवा मागण्या नोंदवत राहायचं आणि टप्पा संपताना सगळ्यांची मिळून एकच काढायची. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

साठवण्याच्या बाजूने बोलण्यासारखं आहेच. क्लायंटला मंजुरीसाठी एकदाच वर जावं लागतं, आणि सतत पैशाचा विषय निघत नाही. मागण्या तास-दोन तासांच्या असतील तर हीच पद्धत सोयीची.

मला खटकली ती तारीख. पैशांवर नंतरही बोलता येतं. उलटून गेलेल्या मुदतीवर नाही. समजा, ग्राहकांच्या ऑर्डर नोंदवण्याचं सॉफ्टवेअर बनवताना क्लायंट म्हणाला, "मॅनेजरची मंजुरी हवी, एक बटणच तर आहे." त्या बटणामागे नवा अधिकार, ‘प्रलंबित’ ही नवी स्थिती, नाकारलेल्या ऑर्डरचं काय करायचं हा प्रश्न, आणि रिपोर्टमधला बदल येतो. काम ६ दिवसांचं, पण टेस्टिंगची चालू फेरी संपल्याशिवाय ते तपासायला घेता येत नाही, म्हणून डिलिव्हरी ८ दिवस पुढे जाते. हे त्याच आठवड्यात सांगितलं तर तो निर्णय क्लायंटचा असतो. टप्प्याच्या शेवटी सांगितलं तर तोच आपला उशीर ठरतो, आणि वर ऐकावं लागतं, "तेव्हा बोलला असतात तर मागितलंच नसतं." याला माझ्याकडे कधीच उत्तर नसायचं.

त्यामुळे माझा कल लगेच मागण्याकडे आहे. पत्र मात्र छोटं असावं: मूळ स्कोपमधलं कलम, नवीन काय, कामाचे दिवस आणि खर्च, डिलिव्हरीची नवी तारीख. दिवस आणि तारीख वेगवेगळी लिहावीत, कारण "६ दिवसांचं काम, मग ८ दिवस का?" हा प्रश्न येतोच. सोबत पर्याय द्यावेत: हे घ्या, याच आकाराचं दुसरं काही वगळा, किंवा पुढच्या टप्प्यात टाका. माझ्या अनुभवात वगळण्याचा पर्याय दिला की बोलणं लवकर मिटतं. अंदाजाला ५ दिवसांची मुदतही घालावी. कोड पुढे गेला की तोच बदल महाग पडतो.

मीटिंगमध्ये मागणी करणाऱ्याला खर्च मंजूर करण्याचा अधिकार असतोच असं नाही, म्हणून होकार करारात नाव असलेल्या व्यक्तीकडूनच, लेखी घ्यावा. किरकोळ बदल फुकट करायचा असेल तरी शून्य रकमेची चेंज ऑर्डर काढावी, म्हणजे पुढे "मागे तर असंच केलं होतं" हा मुद्दा उरत नाही. रोजच्या रोज बारीक मागण्या येणाऱ्या कामात हे जाचक वाटू शकतं. तिथे आठवड्याला एक पत्र चालेल, त्याहून जास्त थांबू नये.

पत्राच्या शेवटी मी एक ओळ नेहमी ठेवतो: "आपली लेखी मंजुरी येईपर्यंत काम मूळ स्कोप आणि मूळ तारखेप्रमाणेच सुरू राहील."