घर 'सुरक्षित' नव्हतं, तारण होतं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. पिठाच्या चक्कीसाठी आईच्या नावावर कर्ज होतं अन् राहतं घर तारण. हप्ते थकले तं मागच्या वर्षी बँकेचं चार पानी इंग्रजी पत्र आलं. तालुक्याला स्टँडजवळ एक झेरॉक्सवाला म्हणे आमच्याकडं वकील भाषांतर करून देतात, शिक्क्यासकट, ५०० रुपये. दिले. दुसऱ्या दिवशी टाईप केलेलं मराठी मिळालं, खाली गोल शिक्का.

त्यात एका जागी 'सुरक्षित मालमत्तेचा तपशील' अन् खाली आमच्याच घराचा नंबर. आई म्हणे, बरं झालं बाबू, घर सुरक्षित आहे. आम्ही सगळेच निवांत झालो, अन् तिथंच घात झाला. मूळ शब्द होता सिक्युअर्ड असेट, म्हणजे कर्जापोटी तारण दिलेली मालमत्ता, पैसे नाही भरले तं बँक हीच ताब्यात घेते.

२९ जुलैला आईला घेऊन कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत गेलो (बायांना तिथं उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो). वकील मॅडमनं मराठी बाजूला ठेवलं अन् इंग्रजीच वाचलं. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेता येते त्या २००२ च्या सरफेसी कायद्याची कलम १३(२) ची ही नोटीस होती, ६० दिवसांत पैसे भरा म्हणून. मराठीत होतं 'सूचना मिळाल्यापासून ६० दिवस', पत्र आम्हाला १९ जूनला मिळालं म्हणून आम्ही १८ ऑगस्ट धरून बसलो होतो. इंग्रजीत होतं नोटीसच्या तारखेपासून, ती तारीख ३ जून, म्हणजे मुदत २ ऑगस्टलाच संपत होती, हातात चारच दिवस! रक्कम ४,८६,२०० बरोबर होती, पण ती ३१ मेपर्यंतची, 'अन् पुढचं व्याज' हे शब्दच मराठीत नव्हते. आम्ही जुळवत होतो ते पैसे भरूनही बाकी राहिली असती.

भाच्यानं तिथंच मोबाईलच्या ॲपमधे ते पान टाकलं, शब्दन् शब्द तेच मराठी आलं. वकील कोणीच नव्हता.

कोणी म्हणतात मराठी उलटं इंग्रजी करून पाहा, चूक कळते. आम्ही केलं, तं 'सुरक्षित मालमत्ता'चं परत सिक्युअर्डच आलं, म्हणून तेवढ्यावर जाऊ नका. दोन्ही कागद शेजारी ठेवा, इंग्रजीतल्या प्रत्येक आकड्याला अन् तारखेला पेनानं गोल करा अन् मराठीत तोच सापडतो का पाहा. मुदतीच्या आकड्याजवळ 'कधीपासून' ते इंग्रजीतूनच वाचून घ्या, रकमेपुढं कोणत्या तारखेपर्यंतची अन् पुढं व्याज आहे का तेही. सुरक्षित, सूचना असे साधे वाटणारे शब्द मात्र वकिलालाच विचारा.

३१ जुलैला मॅडमनं बँकेत लेखी हरकत देऊन पोच घेतली. अशा हरकतीवर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागते. घर अजून आमच्याकडं आहे, हप्त्यांचं बोलणं चालू आहे. झेरॉक्सवाला पैसे परत देत नाही, म्हणे शिक्का तं दिला ना.