ऑनलाइन घेतलेली हातमागाची चंदेरी, नऊ महिने नेसल्यानंतर

मी ग्वाल्हेरची, लश्कर भागात राहते, चंदेरी गाव इथून गाडीने चार-पाच तासांवर, आणि तरी मी साडी घेतली मोबाइलवर बघून, त्यावरून सासूबाईंनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दसऱ्याच्या आधी घेतली, आता आषाढ लागला, मधे सहा वेळा नेसून झाली. अंजिरी रंग, अंगभर छोट्या अशर्फी बुट्ट्या (गोल, नाण्यासारख्या), दोन बोटं काठ, पदराला जरीचे आडवे पट्टे. किंमत 11,800. लिस्टिंगमधे लिहिलेलं "प्युअर सिल्क, ओरिजनल जरी". पहिलं खरं निघालं, दुसरं नाही, त्याचं पुढे सांगते.

फोटोत जे अजिबात कळत नाही ते म्हणजे हिचा कडकपणा. रेशमाच्या धाग्यावर किड्याचा नैसर्गिक डिंक असतो, पैठणीला वगैरे तो आधी उकळून काढून टाकतात म्हणून ती साडी हातातून घसरते, चंदेरीत मात्र तो मुद्दाम ठेवतात आणि धागाही अगदी बारीक असतो. त्यामुळे हात फिरवला की पतंगाच्या कागदासारखं लागतं, थोडं कुरकुरीत, आणि चमक पण अशी की आतून उजेड येतोय असं वाटतं, सॅटिनसारखी चोपडी नाही. आरपार किती दिसतं विचाराल तर मी एक घडी पेपरावर टाकून बघितली, मथळा सरळ वाचता आला, खालच्या बातम्या नाही. म्हणून परकर त्याच रंगाचा घ्या, पांढरा घातलात तर साडीचा रंगच वेगळा दिसेल.

आता बरेच जण चंदेरी म्हणून जे विकतात त्यात उभा धागा रेशीम आणि आडवा सुती असतो, ती पण चांगलीच साडी आहे पण किंमत प्युअरची द्यायची नाही. मी ब्लाउज पीस कापला तेव्हा कडेचे उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढले आणि बशीत जाळून बघितले. दोन्हींना केस जळल्यासारखा वास आला आणि मागे काळी गोळी उरली जी चिमटीत चुरली. सुती असता तर कागद जळल्यासारखा वास आणि हलकी राखाडी राख. हातमागाचं म्हणाल तर बुट्टीची उलटी बाजू बघा, म्हणजे ऑनलाइन असेल तर तिचाच जवळून फोटो मागा. माझ्या साडीत जरीचा धागा त्या बुट्टीतच मागेपुढे फिरून तिथेच संपतो, मागे सफाई आहे आणि दोन बुट्ट्यांत एखाद्या धाग्याचा फरक पण दिसतो. मशीनवाल्या स्वस्त साडीत मागे धागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत लोंबतात नाहीतर कापलेले असतात, त्याची टोकं अंगाला टोचतात आणि बांगडीत अडकतात.

नेसायला कशी, तर पहिल्या दोन वेळा फुगली. निऱ्या छान उभ्या राहतात, सुरीने कापल्यासारख्या, पण कमरेपाशी आणि छातीवर साडी अंगाला बसत नाही, मी तशी अंगाने भरलेली आहे तर फोटोत अजून जाड दिसले. खांद्यावर पदराच्या प्लेट्स करून पिन लावली तर ठीक, मोकळा पदर सोडला की तो हातावरून सरळ कागदासारखा उभा राहतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून अंगाच्या उबेने जरा मऊ झाली. वजन काहीच नाही, मे महिन्यात भाचीच्या लग्नात ग्वाल्हेरच्या त्या उन्हात दिवसभर नेसले होते आणि बाकीच्या बायका बारा वाजताच साडी बदलायला गेल्या. फॉल सुतीच लावा आणि आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर नंतर तो आकसतो आणि काठाला चुण्या पडतात.

ब्लाउज पीसवर मात्र माझा खरा राग आहे. ऐंशी सेंटिमीटरचा सलग पीस, साडीचंच कापड. टेलरने नेहमीसारखा फिटिंगचा शिवला, अस्तर होतं, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताट उचलताना बगलेपाशी शिलाईच्या बाजूने धागे सरकून जाळी पडली. कापड फाटलं नाही, शिलाई पण तुटली नाही, धागे गुळगुळीत आणि विणकाम विरळ असल्यामुळे ताण आला की ते शिलाईपासून बाजूला सरकतात. दोष टेलरचा पण आणि माझा पण, मी सांगितलंच नाही. या कापडाला शिलाईत माया जास्त ठेवायची, ब्लाउज थोडा सैल, आणि ताण अस्तराने घेतला पाहिजे, म्हणजे मलमल-रुबियाचं अस्तर आणि वरच्या कापडाबरोबर एकत्र शिवलेलं. आता मी त्या साडीवर वेगळा सुती ब्लाउज घालते आणि पीस तसाच पडलाय.

आणि त्याच हळदीकुंकवाला दुसरं झालं. दारात गुलाबदाणी घेऊन एक काकू उभ्या, प्रेमाने शिंपडलं, मी पण हसत उभी. घरी येऊन बघते तर पदराच्या खालच्या भागावर छोटे छोटे गोल डाग, तेलाचे नाहीत, नुसते पाण्याचे, कारण थेंब पडला की तिथला डिंक भिजतो आणि वाळताना कड सोडतो. ड्रायक्लीनवाल्याने बरेच काढले, दोन अजून उजेडात दिसतात. म्हणून इस्त्री करताना पाणी मारायचं नाही, उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, मंद आचेवर. घरी धुवायचं तर नाहीच, गरम पाणी आणि साबण लागला की डिंक निघतो आणि साडी लोळागोळा होते, मग ती चंदेरी राहतच नाही.

आता जरी. घेतली तेव्हा सोनेरी, सुंदर, डोळ्यांत भरणारी पण भडक नाही. वैशाखापर्यंत खांद्यापाशी, जिथे अत्तर आणि घाम लागतो, तिथला पट्टा लालसर-तपकिरी झाला. चांदीची खरी जर असती तर काळवंडली असती, करडी झाली असती, हा लालसरपणा तांब्याचा. म्हणजे टेस्टेड जरी, तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर आणि वर सोनेरी झिलई. एक धागा जाळला, तार तशीच उरली, म्हणून प्लास्टिकची नाही एवढं समाधान, ती वितळून गोळी होते. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला "मॅडम, टेस्टेड म्हणजे ओरिजनलच". या किमतीत चांदीची जर मिळणार नाही हे मलाही कळायला हवं होतं, पण मग तसं लिहा ना. विचारताना "खरी का" असं विचारू नका, "तार चांदीची, तांब्याची की प्लास्टिकची" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सध्या पावसाळ्यामुळे जुन्या धुतलेल्या मलमलच्या ओढणीत गुंडाळून ठेवलीय, डांबरगोळ्या कपाटात पण साडीला न लागता, हँगरला नाही. दोन महिन्यांनी घडी बदलते, जरीवर तीच तीच मोड राहिली की तार तिथेच तुटते, पदराच्या मधल्या घडीवर एक तार तुटलेली मला परवाच दिसली.