विमानाच्या एसएमएस अलर्टमध्ये सगळं असतं, फक्त तो कधी निघाला ते नसतं

विमान कंपनीचे एसएमएस आणि एक फुकटचं ट्रॅकिंग ॲप, दोन्ही बरेच महिने वापरतेय. पैसे भरायच्या ॲपच्या वाटेला मी गेले नाही. फ्लाइट उशिरा आहे एवढंच सांगायचे कसले पैसे?

साध्या, एकाच टप्प्याच्या प्रवासात दोन्ही चोख चालतात. फ्लाइट नंबर, तारीख, नवी वेळ आणि कधीकधी गेट, एवढं येतं. खरी परीक्षा कनेक्टिंग फ्लाइटला. मागच्या वेळी पहिलं विमान उतरल्यावर एअरप्लेन मोड काढला आणि पुढच्या फ्लाइटचे दोन मेसेज धडाधड येऊन पडले. एकात ‘नवी वेळ १७:१०, गेट B12’, दुसऱ्यात ‘नवी वेळ १६:२५, गेट B7’. मूळ वेळ १५:४०. आता यातला ताजा कुठला?

उशीर वाढतच जातो या हिशेबाने कुणीही १७:१० धरेल. पण तो कमीही होतो. येणारं विमान रखडलं म्हणून वेळ पुढे ढकलतात, मग दुसरं मोकळं विमान मिळालं की परत अलीकडे आणतात. इथे तेच झालं होतं. गेट सुटायच्या वेळेच्या आधीच बंद होतं, म्हणजे १७:१० च्या भरवशावर बसलेला माणूस सरळ मागे राहिला असता. फोन बंद असताना एसएमएस नेटवर्कवर थांबून राहतात आणि नंतर पाठवले त्याच क्रमाने पोचतील याची हमी नसते. काही फोनमध्ये मेसेज दाबून धरला की तपशिलात ‘पाठवला’ आणि ‘मिळाला’ या दोन वेळा वेगळ्या दिसतात. मी तिथे पाहिलं, मग विमानतळावरच्या बोर्डाशी ताळा केला.

ॲपमध्ये ‘शेवटचं अपडेट’ असतं, येणारं विमान कुठवर आलंय तेही दिसतं. म्हणून एसएमएस बंदच करून टाकणार होते. पण त्या दिवशी उतरल्यावर इंटरनेट नव्हतं, ॲप सकाळचीच वेळ दाखवत बसलं होतं. एसएमएस निदान आले तरी. तेव्हा तो राहू दे. फक्त तिकीट एजंटकडून काढलं असेल तर बुकिंगमध्ये नंबर आपलाच आहे ना ते बघा, नाहीतर अलर्ट त्याच्या फोनवर वाजत बसतात.

तक्रार केली तर कस्टमर केअर म्हणे, ‘मॅडम, मेसेजला अक्षरांची मर्यादा असते.’ असते ना, इंग्रजी एसएमएसला १६०. त्यात ‘आमच्यासोबत प्रवास केल्याबद्दल आभार’ बसतं. मेसेज निघाल्याची वेळ लिहायला पाच अक्षरं लागतात, कोलन धरून.